भाड्याचा रकाना

धोंडूभाऊला वाचून दाखवायची खोड होती, आणि त्या खोडीपायी आमचा नंदकिशोरशेठ रोज दोनदा तरी कपाळ बडवून घ्यायचा.

आमचं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस. अंधेरीला सहार रोडवर, टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. परदेशातून विमानाने माल यायचा, सहार विमानतळाच्या कार्गोत पडायचा, आणि तो कस्टममधून सोडवून आणायचं काम आमचं. लायसन शेठचं. कागद टाईप करणार मी, चंपा, खारदांड्याची. आणि ते कागद घेऊन कार्गोत या खिडकीवरून त्या खिडकीवर दिवसभर फिरणार धोंडू परब. पंचेचाळिशीचा, काळा, सडपातळ, शर्टाच्या खिशात लाल-निळी पेन्सिल. मुलुंडहून बस बदलत यायचा आणि माझ्याआधी हजर असायचा.

कस्टमला जो मुख्य कागद द्यावा लागतो त्याचं नाव बिल ऑफ एन्ट्री. कोणाचा माल, कोणत्या विमानाने आला, काय माल, किती, केवढ्याचा, त्यावर ड्युटी किती, सगळं त्याच्यावर. खाली प्रतिज्ञा असते आणि तिथे माल मागवणाऱ्याची सही. बाकीच्या एजंटांकडे कसं चालायचं? ‘साहेब, इथे, इथे आणि इथे,’ सह्या झाल्या, चहा प्या, निघा. धोंडूभाऊ तसं करायचा नाही. मागवणारा कोणी का असेना, मरोळचा मोठा कारखानदार असला तरी, त्याला समोर बसवायचा आणि इंग्रजी प्रतिज्ञा मराठीत किंवा हिंदीत पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा. मग विचारायचा, “ऐकलात ना? समजला? आता करा सही.”

“अरे परब, ये क्या सत्यनारायण की कथा है?” शेठ ओरडायचा. “लोकांना टाइम नाही रे!”

“एक मिनिट लागता, शेठ.”

एकदा मी चिडून विचारलं, की तुला एवढी कसली हौस? तेव्हा त्याने सांगितलं. आधी तो लालबागच्या एका गिरणीत होता, फिटर खात्यात. संप लांबला, घरात खायचे वांधे झाले. एक दिवस गेटवर बोलावलं आणि एका कागदावर सही करायला सांगितली. कागद इंग्रजीत. सही केली की कामावर घेतील अशी याची समजूत. तो निघाला राजीनाम्याचा कागद. “एकवीस वर्सा,” म्हणाला, “एका सहीत. वाचून दाखवणारा एक माणूस असता तर.” मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इंग्रजी शिकला तो, चाळिशीत. माझ्याशी बोलताना रडला-बिडला नाही. डब्यातली भाकरी मोडत मोडत सांगितलं, जसं काही दुसऱ्याचं सांगतोय.

तर गोष्ट नलिनीवहिनीची आहे. एकोणनव्वदचा जानेवारी.

नलिनी राणे. मुलुंडची. तिचा नवरा सहदेव आणि धोंडूभाऊ एकाच गिरणीत, एकाच खात्यात. संपानंतर सहदेवने हातपाय हलवले. मुलुंडला एक गाळा भाड्याने घेतला, मोजे विणायचं जुनं इटालियन मशीन कुठूनतरी घेतलं, आणि बायकोच्या नावाने धंदा सुरू केला. बरं चाललं होतं. मग मशीनचा सुयांचा सिलिंडर गेला. मोजा ज्या नळकांड्यावर विणला जातो ना, ते. इथे मिळेना. तोवर सहदेवला दुबईत फिटरची नोकरी लागली होती. तो म्हणाला, मी तिकडून मागवून पाठवतो. तिकडच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने तो इटलीहून मागवला, पैसे तिकडेच आपल्या पगारातून भरले, आणि विमानाने खोका पाठवला.

खोका वाटेत असतानाच तो वारला. साइटवर, जेवायच्या सुट्टीत, बसल्या बसल्या. बेचाळीस वर्षांचा.

त्याची पेटीही सहारलाच आली. कार्गोतच येते, काय करणार. माणूस गेला की तोही माल. एअरवे बिल, म्हणजे विमानाने माल पाठवल्याची पावती, असतं त्याला, वजन असतं. तेव्हाही धावपळ धोंडूभाऊनेच केली. ड्युटी नाही लागत त्याला. मृत्यूचा दाखला, वकिलातीचा दाखला, कस्टमची सही, झालं. सगळं दोन तासांत उरकलं. नलिनीवहिनी तेव्हा कार्गोच्या बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मी तिला पाणी दिलं, तर ग्लास हातात धरून राहिली. प्यायली नाही, परतही दिला नाही. तिच्या हातातून तो काढून घ्यायचीही मला भीती वाटली.

बारावं-तेरावं झालं आणि आठवड्याभराने विमान कंपनीची नोटीस तिच्या घरी गेली, की तुमचा एक नग आलाय, सात किलो. ती ती नोटीस घेऊन आमच्याकडे आली.

पांढऱ्या कपाळाने आली असं मी लिहिणार नाही. तिने टिकली लावली होती. कदाचित काढायचं सुचलं नसेल. आमच्या खारदांड्याच्या बायकांनी तोंड उघडून विचारलं असतं. मी गप्प बसले. मला तिच्याकडे बघून राग येत होता, कोणावर ते कळत नव्हतं.

“बसा वहिनी,” धोंडूभाऊ म्हणाला. “चंपे, चहा सांग गो.”

“नको,” ती म्हणाली. “हे एअरवे बिल. मला माहितेय एअरवे बिल म्हणजे काय.”

मी टाईपरायटरवरचं कव्हर काढलं.

धोंडूभाऊने कागद मांडले. व्यापाऱ्याचं बीजक म्हणजे इन्व्हॉइस, एअरवे बिल, तिच्या कारखान्याच्या नोंदणीचा दाखला. मशीनचा सुटा भाग, स्वतःच्या कारखान्यासाठी, म्हणजे आयात खुल्या यादीतली, वेगळा परवाना नको. तेवढं एक बरं होतं. मी टाईपरायटरमध्ये पांढरा फॉर्म चढवला, मध्ये कार्बन. धोंडूभाऊ सांगत गेला आणि तिलाही समजावत गेला, त्याच्या खोडीप्रमाणे.

“हा पांढरा फॉर्म, होम कंझम्पशनचा.”

“घरात नाही वापरणार,” नलिनीवहिनी म्हणाली. “गाळ्यात.”

“घर म्हणजे देश, वहिनी. माल सोडवून लगेच देशात वापरणार, म्हणून पांढरा. गोदामात ठेवून मग सोडवायचा असता तर पिवळा. आता हा मॅनिफेस्टचा नंबर. विमानात काय काय आला त्याची यादी विमान कंपनी कस्टमला देता, त्यात आपला खोका कितव्या ओळीत आहे, तो. ती ओळ जुळली तरच खिडकीवर आपल्या बिलाक नंबर पडता. हा माल कुठून निघाला तो देश, दुबई. आणि हा बनला कुठे, इटली. दोन वेगळे रकाने.”

“हं.”

“आता किंमत. ड्युटी नुसत्या मालाच्या किमतीवर नाय लागत. मालाची किंमत, अधिक विमानाचा भाडा, अधिक विमा. त्या बेरजेवर आणखी एक टक्का उतरवायचा खर्च म्हणून. एवढा सगळा मिळून जी होता ती कस्टमच्या लेखी किंमत. तिका म्हणतत असेसेबल व्हॅल्यू. त्यावर मूळ ड्युटी, जोडीला ऑक्झिलरी ड्युटी, आणि मग त्या सगळ्यासकट जी रक्कम होता तिच्यावर तिसरी. इथे माल बनवणाऱ्याला एक्साइज भरावी लागता ना, मग बाहेरच्यानेही तेवढी भरावी, म्हणून.”

ती मान हलवत होती. ऐकत होती की नाही देव जाणे. असं वाटत होतं की तिला कोणी तारखा सांगितल्या असत्या तरी तिने तशीच मान हलवली असती.

“बीजकावर तीनशे ऐंशी डॉलर,” धोंडूभाऊ म्हणाला. “चंपे, टाईप कर.”

मी केलं.

मग त्याने फॉर्म काढला, तिच्यापुढे ठेवला, आणि सुरू केलं. “सोबतच्या बीजकात आणि इतर कागदांत लिहिलंय ते खरं आहे. मालाची वेगळी किंमत, वेगळी संख्या किंवा वेगळं वर्णन दाखवणारा दुसरा कोणताही कागद किंवा माहिती माझ्याकडे आलेली नाही, आणि पुढे आलीच तर मी ती ताबडतोब कस्टमला कळवीन.” वाचताना तो शुद्ध बोलायचा. “ऐकलात ना, वहिनी?”

तिने पर्स उघडली. निळं एरोग्राम काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“यात वेगळी आहे,” ती म्हणाली.

माझे हात टाईपरायटरवरच राहिले. पत्र सहदेवचं. तो गेल्यावर चार दिवसांनी पोचलेलं. एरोग्रामच्या तीन घड्या असतात, त्यातल्या दोन उघडलेल्या, आणि तिसरी तशीच दुमडून वर सेफ्टी पिन लावलेली. दुसऱ्या घडीच्या शेवटी लिहिलं होतं, ‘सिलिंडरचे नऊशे डॉलर पडले, पण व्यापाऱ्याकडून बिलावर तीनशे ऐंशी लिहून घेतले आहेत, म्हणजे ड्युटी कमी लागेल. तू गपचूप सही कर. विमानाचे भाडे’ आणि तिथे घडी.

“पुढे?” धोंडूभाऊने विचारलं.

“पुढचं वाचलं नाही.”

“का वो?”

“वाचलं की संपलं ना,” नलिनीवहिनी म्हणाली. अगदी साध्या आवाजात. डाळ संपली म्हणतात तसं. “तेवढंच राहिलंय. पिन काढू नका.”

अगं बाई! मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला. ती मात्र तशीच बसली होती. मला वाटलं, ही रडत का नाही, आणि मग वाटलं, रडली तर मी काय करणार आहे?

तेवढ्यात नंदकिशोरशेठ आतून आला. त्याने ऐकलंच होतं. “बहनजी, हे पत्र पर्समध्ये ठेवा. आम्ही बघितलं नाही. तीनशे ऐंशीवर सही करा. आठ हजाराचा फरक आहे, पता है?”

आणि खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हटलं. “धोंडूभाऊ, गप बस ना रे! ठेव ते पत्र. त्या माणसाने मरायच्या आधी बायकोचे आठ हजार वाचवलेत. तू कोण हरिश्चंद्र?” माझा पगार तेव्हा सातशे रुपये होता. आई बाजारात पहाटेपासून मासळीची पाटी घेऊन बसायची. आठ हजार म्हणजे काय ते मला माहीत होतं.

धोंडूभाऊ पेन्सिल फिरवत राहिला. मला दिसत होतं की त्यालाही ते पत्र परत पर्समध्ये ढकलायचं होतं. शेवटी म्हणाला, “मी वाचला. तिने ऐकला, आणि उत्तर दिला. आता न ऐकल्यासारखा कसा करू, चंपे?”

“नऊशेच लिहा,” नलिनीवहिनी म्हणाली. “त्याने नऊशे लिहिलंय. मी तीनशे ऐंशीवर सही केली तर त्याचं पत्र खोटं ठरेल. त्याने शेवटचं लिहिलेलं मी खोटं कसं करू?”

“पण त्यानेच लिहिलंय ना गपचूप सही कर म्हणून!” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “पण आता तो नाही ना.”

मी फॉर्म फाडला आणि नवीन चढवला. शेठ पाय आपटत आत गेला.

कागद अजून दाखल झाला नव्हता, एवढं नशीब. दाखल झाल्यावर पत्र निघालं असतं तर चुकीची माहिती दिली म्हणून दंड, मालही जप्त होऊ शकला असता. आता आपणच खरी किंमत सांगतोय, तर गुन्हा नाही. पण बीजकावर एक आणि बिलावर दुसरी, मग पुरावा दाखवावा लागणार. आणि पुरावा म्हणजे ते एकच पत्र. कस्टमच्या फायलीत एकदा कागद लागला की तो कोणाच्या बापाला परत मिळत नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. धोंडूभाऊने ते तिला सांगितलं. लपवलं नाही.

“मग नका देऊ,” ती म्हणाली. पहिल्यांदा तिच्या आवाजात काहीतरी हललं. “खोका राहू दे तिथेच.”

“राहिला तर दोन महिन्यांनी लिलावात काढतील, वहिनी. आणि रोजचा डॅमरेज, गोदामाचा भाडा, चढतोय.” मग जरा थांबून म्हणाला, “पत्र माझ्या हातात द्या. माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईल, पण परत येईल. पिन कोण काढणार नाय. मी सांगतोय.”

त्याला असं सांगायचा काय अधिकार होता? काही नव्हता. खिडकीवरचा शिपाईसुद्धा त्याला ‘ए परब’ म्हणून हाक मारायचा.

दुसऱ्या दिवशी मीही कार्गोत गेले, कारण पत्र मराठीत आणि त्याचं इंग्रजी भाषांतर मी टाईप केलेलं. दोन घड्यांचं. सहदेवने लिहिलेलं, की इथे थंडी बरी आहे, मी स्वेटर घातला आहे, तू गाळ्याचं कुलूप बदल, ते सगळं मी इंग्रजीत केलं, तीन प्रतींत. असलं काम देवाने कोणाला देऊ नये. नलिनीवहिनी बाहेर बाकावर बसली होती, पर्स मांडीवर, आत पत्र नाही.

नोंदणीच्या खिडकीवर बिलाला नंबर पडला. मग वरच्या मजल्यावर, मशिनरीच्या ग्रुपमध्ये, अप्रेझरसमोर. अप्रेझर म्हणजे माल कशात मोडतो आणि त्याची किंमत काय धरायची ते ठरवणारा अधिकारी. चष्मेवाला, टेबलावर फायलींचे ढीग. कडक म्हणून ख्याती, पण कोणाकडून चहाही न घेणारा.

त्याने बीजक पाहिलं, बिल पाहिलं. “इन्व्हॉइस तीनशे ऐंशी, तुम्ही नऊशे का म्हणताय? लोक उलटं करतात.”

धोंडूभाऊने झेरॉक्स आणि माझं भाषांतर पुढे केलं, आणि मूळ पत्र हातात धरून दाखवलं. अप्रेझरने मराठीच वाचलं, भाषांतराकडे बघितलंही नाही. मग उठून कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं. असाच सिलिंडर, त्याच इटालियन कंपनीचा, दोन महिन्यांपूर्वी भिवंडीच्या कोणा कारखान्याने मागवला होता. त्याची किंमत आठशे ऐंशीच्या आसपास. “जमतंय,” तो म्हणाला. “नऊशे मान्य. आता ती पिन काढा.”

धोंडूभाऊ म्हणाला, “साहेब, किंमत तर मिळाली.”

“भाडं कुठाय? एअरवे बिलावर भाड्याच्या जागी ‘ॲज ॲग्रीड’ लिहिलंय. म्हणजे ठरल्याप्रमाणे. किती ठरलं ते नाही. आणि पत्रात ‘विमानाचे भाडे’ लिहून घडी. पुढेच असणार ना? काढा.”

“साहेब, ती घडी त्या बाईने वाचलेली नाही.”

“म्हणजे?”

धोंडूभाऊने सांगितलं. चार वाक्यांत. खालच्या मानेने, जसं गिरणीचं मला सांगितलं होतं तसंच.

अप्रेझरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल, मी काय करू, हा सरकारी कागद आहे. माझ्या तर जिभेवर शिवी तयार होती.

“साहेब,” धोंडूभाऊच बोलला, “भाडा समजलाच नाय तर तुमचा नियम काय?”

“तुला माहितेय काय ते. मालाच्या किमतीच्या वीस टक्के धरतो.”

“आणि विमानाचा भाडा समजला तरी वीस टक्क्यांच्या वर तुम्ही धरत नाय.”

“नाही धरत.”

“म्हणजे पिन काढली तर रक्कम खालीच येईल, सरकारचा तोटा होईल. नाय काढली तर सरकारचा काहीच जाणार नाय. वीस टक्के धरा, साहेब. विमा पण समजलेला नाय, त्याचा सव्वा टक्क्याच्या जरा खाली जो काय तुमचा ठरलेला आहे तो धरा. बाई भरतील.”

“सात किलोला एकशे ऐंशी डॉलर भाडं?” अप्रेझर म्हणाला. “खरं साठ-सत्तर असेल. तिला हजार-दीड हजार उगाच जास्त पडतील. विचार तिला.”

मी खाली धावले. नलिनीवहिनीला सांगितलं, की वाचलं तर स्वस्त पडेल, न वाचता महाग. ती लगेच म्हणाली, “महाग.” विचार केला असं वाटलंच नाही.

मी वर आले, सांगितलं. अप्रेझरने लाल शाईने भाड्याच्या रकान्यात लिहिलं, ‘समजू शकत नाही, वीस टक्के’. झेरॉक्सवर लिहिलं, ‘मूळ पाहून परत केले’. सही केली, शिक्का मारला, आणि पत्र धोंडूभाऊच्या हातात ठेवलं. पिन होती तशी. “असिस्टंट कलेक्टरने विचारलं तर माझ्याकडे पाठव,” म्हणाला, आणि पुढची फाईल ओढली.

धोंडूभाऊने पत्र खाली नेऊन तिला दिलं, बिलावरचा लाल शेराही वाचून दाखवला. तिने पिनेवरून बोट फिरवलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन लावली.

मग बाकीचं. हिशेब तपासून ड्युटी पक्की झाली, ती खिडकीवर भरली. सहदेवने आधी पाठवलेल्यातलेच पैसे होते ते, रबर लावलेले. शेडमध्ये तपासनिसाने खोका उघडला, सिलिंडर बाहेर काढून बीजकावरच्या नंबराशी ताडून पाहिला. तेलकट कागदात गुंडाळलेला, चकाकणारा. परत बंद केला. शेवटी बिलावर ‘आउट ऑफ चार्ज’चा शिक्का पडला. म्हणजे कस्टमचा आता या मालावर काही हक्क नाही, घेऊन जा.

बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो. पेटी आली तेव्हा ती जिथे उभी होती त्याच भिंतीजवळ, हे मला उशिरा लक्षात आलं. नलिनीवहिनीच्या पायाशी खोका, हातात एअरवे बिलाची नकल. ती त्यावर बोट ठेवून बघत होती. शिकवलेलं सगळं ऐकलं होतं म्हणजे तिने.

“या रकान्यात काय आहे?” तिने विचारलं.

“कस्टमसाठी सांगितलेली किंमत,” धोंडूभाऊ म्हणाला. “व्यापाऱ्याने तीनशे ऐंशी लिहिलीय, बघा.”

“सगळ्या एअरवे बिलांवर असतो हा रकाना?”

“असतो.”

“त्याच्या पेटीच्या कागदावर पण होता?”

धोंडूभाऊने माझ्याकडे बघितलं नाही. “होता, वहिनी.”

“त्यात काय लिहिलं होतं?”

मला माहीत होतं. तो कागद मीच फायलीत लावला होता. त्या रकान्यात तीन इंग्रजी अक्षरं होती, आणि त्यांचा अर्थ मला धोंडूभाऊनेच पूर्वी कधीतरी शिकवला होता. कस्टमसाठी किंमत नाही. मी रिक्षा शोधायचं निमित्त करून रस्त्याकडे बघितलं. कारण हा माणूस कागदावरचं वाचून दाखवतो. नेहमी. कोणालाही. सगळं.

“वाचता येत नव्हता,” धोंडूभाऊ म्हणाला. “कार्बन पुसट होता.”

“म्हणजे समजू शकत नाही.”

“हां. समजू शकत नाय.”

“बरं,” नलिनीवहिनी म्हणाली. रिक्षा आली. तिने खोका आधी आत ठेवला, मग स्वतः बसली, आणि हात खोक्यावर ठेवला. रिक्षा वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

ऑफिसात आल्यावर धोंडूभाऊने डिसेंबरची फाईल मागितली. मी काढून दिली. त्याने तो कागद उघडून बघितला. अक्षरं ठळक होती, कार्बन नव्हताच, पहिलीच प्रत होती ती. त्याने फाईल बंद करून माझ्याकडे दिली.

“वरच्या फळीवर ठेव गो, चंपे,” म्हणाला. “मागे, टोकाक.”

मी स्टुलावर चढून ठेवली. मग तो हात धुऊन आला, डबा उघडला. दुसऱ्या दिवशी मरोळचा एक कारखानदार सही करायला आला, तर त्याला समोर बसवून त्याने पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.